धागा: फळी काल पलटली नाही, आज का पलटली? (दोन टेकू, एक माणूस, थोडं गणित)

ओसरी

नमस्कार मंडळी. खोलीचं छत रंगवत होतो. ४ मीटर लांब लाकडी फळी, खाली दोन लोखंडी घोड्या. एक घोडी फळीच्या अगदी मागच्या टोकाखाली आणि दुसरी तिच्यापासून ३ मीटरवर, कारण त्यापुढे कपाट होतं, घोडी मावत नव्हती. म्हणजे पुढे १ मीटर फळी अधांतरी. शनिवारी पहिला हात मारला तेव्हा त्या अधांतरी भागावर पार टोकाजवळ उभा राहून रंगवलं, काही झालं नाही. रविवारी दुसरा हात मारायला चढलो, पुढच्या घोडीच्या पलीकडे पहिलं पाऊल टाकलं, ठीक, दुसरं टाकलं आणि मागचं टोक फाडकन वर आलं. कपाटाला धरलं म्हणून वाचलो, गुडघा सोलवटला तेवढाच.

माझे प्रश्न दोन. फळी तीच, घोड्या तिथेच, माणूस तोच, मग काल नाही आणि आज का? आणि पलटायच्या आधी फळी काहीच कशी बोलली नाही, ना कुरकुर ना हलणं?

माझं वजन ६० किलो. फळी हातात धरून वजनकाट्यावर उभा राहिलो तर ८० दाखवले, म्हणजे फळी २० किलोची.

चिंचोका

यात कोडं काहीच नाही. टेकू ओलांडला की फळी पलटणारच, तरफ आहे ती. शनिवारी तुम्ही टेकूच्या पुढे गेलाच नसाल, आठवणीत गफलत होतेय.

ओसरी

@चिंचोका, गफलत नाही हो. छताचा टोकाकडचा भाग शनिवारीच रंगून झालाय, तो मी हवेत उडून नाही रंगवला :)

मधमाशी

आधी फळी बदला! ४ मीटरची फळी मधे केवढी वाकत असेल. आमच्याकडे अशीच एक फळी गाठीपाशी तडकली होती, वरून नुसतं बघून कळतच नव्हतं. लाकडात गाठ कुठे आहे ते बघा, गाठ खालच्या अंगाला येऊ देऊ नका.

ओसरी

@मधमाशी, फळी मोडली नाही, पलटली. तरी गाठीचं बघतो, धन्यवाद.

निवृत्त_अभियंता

चिंचोका म्हणतात ते अर्धं खरं आहे. टेकू ओलांडल्याशिवाय पलटणार नाही हे बरोबर. पण ओलांडला की लगेच पलटेल हे बरोबर नाही, कारण फळीला स्वतःचं वजन आहे आणि ते तुमच्या विरुद्ध बाजूला बसलंय.

ओसरी यांचेच आकडे घेऊ. फळी ४ मीटर, म्हणजे तिचा गुरुत्वमध्य मधोमध, मागच्या टोकापासून २ मीटरवर. पुढची घोडी ३ मीटरवर. म्हणजे फळीचे २० किलो पुढच्या घोडीच्या १ मीटर मागे ओढून धरतायत. तुमचे ६० किलो घोडीच्या पुढे जातील तसे पुढे ओढणार. २० गुणिले १ म्हणजे २०, त्याची बरोबरी ६० किलोने करायला अंतर लागतं एक तृतीयांश मीटर, साधारण ३३ सेंटीमीटर. तिथपर्यंत फळी तुम्हाला झेलणार, त्यापुढे नाही. पहिलं पाऊल ३३ च्या आत पडलं, दुसरं बाहेर पडलं.

आता दोन घोड्यांवर काय चाललं होतं ते बघा, गंमत तिथे आहे. तुम्ही मागच्या टोकावर, अगदी घोडीवर उभे असता तेव्हा मागच्या घोडीवर सुमारे ६६.७ किलो येतात आणि पुढचीवर १३.३, बेरीज ८०. दोन घोड्यांमधे ३ मीटर आहेत आणि तुमचे ६० किलो या ३ मीटरमधे एकीकडून दुसरीकडे जाणार, म्हणजे दर मीटरला २० किलो मागच्या घोडीवरून उतरतात आणि पुढचीवर चढतात. एकदम सरळ रेषेत. पुढच्या घोडीवर पोचलात की मागे उरतात ६.७ आणि पुढे ७३.३. तुम्ही घोडी ओलांडली म्हणून या हिशोबाला काही कळत नाही, तो त्याच वेगाने चालू राहतो, अजून ३३ सेंटीमीटर गेलात की उरलेले ६.७ पण संपले. मागच्या घोडीवर शून्य. शून्याच्या खाली ती जाऊ शकत नाही, कारण घोडी फळीला वर ढकलू शकते, खाली ओढू शकत नाही.

पलटणं म्हणजे एवढंच, मागच्या टेकूची रिअ‍ॅक्शन संपणं.

नवखा

काका एक विचारू? आमच्या पेपरात असाच प्रश्न होता आणि मी पुढच्या टेकूवर ८० घेऊनच सुरुवात केली, कारण पलटताना सगळं वजन तिथेच असतं ना. पण मार्क कापले. का ते अजून कळलं नाही.

निवृत्त_अभियंता

@नवखा, पुढचीवर ८० हे बरोबरच आहे, पण ते पलटायच्या क्षणापुरतं. प्रश्न बहुतेक "माणूस अमुक ठिकाणी असताना" असा असेल, तिथे मागची अजून काहीतरी उचलत असते. आधी मोमेंट पुढच्या टेकूभोवती घे, म्हणजे त्या टेकूची अज्ञात रिअ‍ॅक्शन आपोआप बाहेर पडते आणि हातात फक्त मागची राहते. ती शून्य करायची की नाही हे प्रश्न वाचून ठरव.

सुमेधाताई

मी हे घरी करून पाहिलंय, लेकीला समजावताना. दोन काट्याचे वजनकाटे (डिजिटल नको, तो हलतं वजन एकाच आकड्यावर गोठवून टाकतो), त्यांच्यावर आडवे दोन जाड लाकडी रूळ आणि वर २ मीटरची फळी, ६ किलोची. एक रूळ फळीच्या टोकाखाली, दुसरा दीड मीटरवर. लेक ३० किलोची.

ती मागच्या काट्यावर उभी तेव्हा तिथे ३२, पुढे ४. मग तिला सांगितलं की पुढे सरक आणि दर १० सेंटीमीटरला थांब, मी खडूने खुणा करून ठेवल्या होत्या. प्रत्येक खुणेला मागचा काटा २ किलोने उतरायचा आणि पुढचा २ ने चढायचा. बेरीज कायम ३६. पाच-सहा खुणांनंतर लेक स्वतःच पुढचा आकडा आधी सांगायला लागली. पुढच्या रूळावर पोचली तेव्हा मागे २ किलो उरले होते. मी विचारलं आता किती पुढे जाशील, तर ती म्हणाली दर १० ला २ जातात आणि २ च उरलेत, म्हणजे १० सेंटीमीटर. पुढे तिचा हात धरून नेलं आणि खरंच १० च्या आसपास मागचं टोक सुटलं. फळी जमिनीपासून वीतभरच उंच होती हो, काळजी नको.

चालताना मात्र काटा थरथरतो, ती थांबली की मगच आकडा वाचता येतो.

चिंचोका

मान्य, टेकूच्या पुढे थोडी जागा मिळते. मग उपाय सोपा आहे, मागची घोडी पुढे सरकवा. दोन घोड्या जवळ आल्या की पकड घट्ट.

निवृत्त_अभियंता

@चिंचोका, असं बऱ्याच जणांना वाटतं. करून बघू. मागची घोडी टोकाऐवजी १ मीटर पुढे आणली, म्हणजे दोघींमधे २ मीटर. आता तुम्ही पुढच्या घोडीवर उभे असता मागचीवर ६.७ ऐवजी १० किलो असतील, जास्त. पण ६० किलो आता ३ ऐवजी २ मीटरमधेच सरकतात, म्हणजे दर मीटरला ३० किलो उतरतात. १० भागिले ३०, पुन्हा ३३ सेंटीमीटर. शिल्लक वाढली आणि खर्चही तेवढ्याच प्रमाणात वाढला.

पलटायच्या क्षणी मागची घोडी कामावरच नसते, त्यामुळे ती कुठे उभी आहे याने काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. पलटायची जागा तीनच गोष्टी ठरवतात: पुढची घोडी, फळीचा गुरुत्वमध्य आणि वर कुठे काय ठेवलंय ते.

चिंचोका

हे मला पटायला वेळ लागेल. कागदावर केलं, उत्तर ३३ येतंय. पण मन मानत नाही.

रंधा

मी सुतार आहे, घोडीवरची फळी हे आमचं रोजचं. आम्ही मागचं टोक दोरीने घोडीला बांधतो, विषय संपला.

निवृत्त_अभियंता

@रंधा, बांधल्यावर घोडी खाली ओढू शकते, म्हणजे मी वर म्हटलं ते बंधन सुटलं. पण किती ओढावं लागेल ते बघा. ओसरी टोकावर उभे राहिले तर हिशोब शून्याच्या खाली जाऊन उणे १३.३ किलो येतो. म्हणजे दोरीवर १३.३ किलोची ओढ. तुमची घोडी त्याहून हलकी असेल तर फळी घोडीसकट उठेल.

रंधा

हे एकदा झालंय खरं. घोडी दोरीला लटकलेली होती आणि मी खाली. माझी घोडी ९ किलोची असेल. तेव्हा वाटलं गाठ सैल होती. गाठ चांगलीच होती म्हणायची.

आता मी खालून एक पट्टी ठोकतो, फळी घोडीवरून सरकू नये म्हणून. पण ती सरकण्यासाठी, पलटण्यासाठी नाही, हे आज नीट लक्षात आलं.

गच्चीवरून

मी तीन स्टुलं लावतो, एक मधे. मग प्रत्येकावर एक तृतीयांश वजन ना?

निवृत्त_अभियंता

@गच्चीवरून, तीन टेकू आले की असा साधा हिशोब चालत नाही. कोणतं स्टूल केसभर उंच आहे, फळी किती ताठ आहे यावर वाटणी ठरते. मधलं स्टूल जरा बुटकं असेल तर फळी वाकून टेकेपर्यंत ते काहीच उचलत नाही. पण पलटण्यापुरतं तुमचंही तेच, सगळ्यात बाहेरचं स्टूल आणि त्याच्या पुढे किती फळी निघालीय तेवढं बघा.

ओसरी

काका, सगळं समजलं आणि आवडलं, पण एक अडचण आहे. फळीवर माझ्या पायाचा ठसा आहे! तळव्याला रंग लागला होता. शेवटचा ठसा मोजला, घोडीच्या नळीपासून ठशाच्या मध्यापर्यंत २६ सेंटीमीटर भरतात. ३३ नाही. टाच तर आणखी आत, १४ च्या जवळ. दोनदा मोजलं. मग ७ सेंटीमीटर गेले कुठे?

आणि शनिवारी मी टोकाजवळ उभा होतो, ते तर ३३ च्या कितीतरी पुढे. ते अजून सुटलेलं नाहीच.

सुमेधाताई

घोडीची वरची दांडी किती रुंद आहे? रुंद असेल तर पलटताना फळी तिच्या बाहेरच्या कडेवर फिरते, मधल्या रेषेवर नाही.

ओसरी

गोल नळी आहे, दोन बोटं जाडीची.

निवृत्त_अभियंता

मग रुंदीचा प्रश्न नाही. आणि रुंदीने अंतर वाढलं असतं, कमी नाही झालं. समजा १० सेंटीमीटर रुंद पाट असता तर फळी त्याच्या बाहेरच्या कडेवर फिरली असती आणि पलटायची जागा मध्यापासून ४० वर गेली असती.

मधमाशी

चालताना पाय आपटला जातो ना? वजनकाट्यावर धपकन पाय टाकला की काटा वर जातो तसं.

सुमेधाताई

मधमाशी बरोबर बोलतायत असं वाटतं. साध्या चालण्यातसुद्धा पाय टेकल्यावर क्षणभर वजनापेक्षा दहा-वीस टक्के जास्त जोर पडतो. २० टक्के धरले तर ६० चे ७२ होतात आणि २० भागिले ७२ म्हणजे २८ सेंटीमीटर. २६ च्या बरंच जवळ.

निवृत्त_अभियंता

जवळ आहे पण मला खात्री नाही. तो वाढीव जोर फार थोडा वेळ टिकतो आणि लगेच पुढे वजनापेक्षा कमी होतो. तेवढ्यात मागचं टोक जेमतेम उचलून परत टेकेल. ठक् असा आवाज येईल. ओसरींच्या बाबतीत टोक वर आलं ते परत आलंच नाही.

परत न येण्याचं कारण वेगळं आहे आणि ते त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. माणसाचा गुरुत्वमध्य फळीच्या वर साधारण १ मीटरवर असतो, कमरेपाशी. फळी जरा कलली की कंबर आणखी पुढे जाते, म्हणजे पुढची ओढ वाढते, म्हणजे फळी आणखी कलते. एकदा सुटली की ती सावकाश नाही जात, जोर धरत जाते.

आणि इशारा का नाही मिळाला? आपण फळीच्या वाकण्यावरून धोका ओळखतो. तुम्ही दोन घोड्यांच्या मधोमध असता तेव्हा फळी सगळ्यात जास्त लचकते, तिथे पोटात गोळा येतो, आणि पलटण्याच्या दृष्टीने ती सगळ्यात निर्धोक जागा आहे. पुढच्या घोडीच्या पलीकडे पाऊलभर अंतरावर पायाखालची लचक मधल्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी असते. फळी ताठ वाटते, धीर येतो. पायाला मोडण्याचा इशारा कळतो, पलटण्याचा इशारा मागच्या घोडीपाशी असतो आणि तिथे आपण नसतो.

रंधा

हे अगदी खरंय. माझ्या हाताखालचा पोरगा मागे उभा असला की मी त्याला सांगतो, टोक एका हाताने उचलून बघ. सहज उचललं गेलं तर तो ओरडतो, मी मागे येतो. हे का चालतं ते आज कळलं.

निवृत्त_अभियंता

उत्तम पद्धत. तुमच्या पोराच्या हाताला मागची रिअ‍ॅक्शन कळते. ओसरी घोडीवर उभे असताना कोणी उचलून पाहिलं असतं तर अवघे पावणेसात किलो लागले असते.

ओसरी

माझा भाचा शनिवारी त्या पुढच्या भागावर आधी जाऊन आला होता, "मामा, मी बघतो पक्कं आहे का" म्हणून. अर्ध्या मीटरपर्यंत गेला, उड्या नाही मारल्या. त्यावरूनच मला भरवसा वाटला.

सुमेधाताई

भाचा किती किलोचा?

ओसरी

३० असेल.

सुमेधाताई

मग त्याच्यासाठी पलटायची जागा ६७ सेंटीमीटरवर आहे, तुमच्या दुप्पट. तो अर्ध्या मीटरवर निर्धास्त होता. हलक्या माणसाने पुढे जाऊन फळी तपासणं म्हणजे तपासणी नाहीच. आणि त्याला आता टोकापर्यंत जाऊ देऊ नका, टोकावर या फळीला २० किलोच चालतात.

चिंचोका

मला एक सुचलं. शनिवारी फळीवर अजून काही होतं का? कारण काका म्हणाले तीन गोष्टी, घोडी हलली नाही, फळी बदलली नाही, मग उरतं ते "वर कुठे काय ठेवलंय".

ओसरी

थांबा.

रंगाची बादली! शनिवारी मोठी बादली फळीच्या मागच्या टोकाशी ठेवली होती, टोकापासून वीतभर आत. मी छोट्या डब्यात रंग ओतून घ्यायचो आणि पुढे जायचो. रविवारी परत परत मागे जायचा कंटाळा आला म्हणून बादलीच उचलून हातात घेऊन पुढे गेलो. पडली तेव्हा सगळा रंग कपाटावर. हे सांगायचंच राहिलं, कारण मला वाटलं त्याचा काय संबंध.

बादली शनिवारी साधारण १५ किलो, रविवारी त्याहून थोडी कमी असेल.

निवृत्त_अभियंता

चिंचोका, शाब्बास!

शनिवार: १५ किलो, पुढच्या घोडीपासून २.८ मीटर मागे. १५ गुणिले २.८ म्हणजे ४२, त्यात फळीचे २० मिळवले की ६२. त्याला तुमचे ६० भागले तर १.०३ मीटर. तुमची अधांतरी फळी १ मीटर. म्हणजे टोकावर उभे असताना तुम्ही ३ सेंटीमीटरने वाचलात. बादलीतला रंग वापरून आणखी किलोभर कमी झाला असता तर शनिवारीच पडला असतात.

रविवार: तीच बादली मागून उचलून पुढच्या पारड्यात आणली. ६० चे ७५ झाले आणि मागे फक्त फळी. २० भागिले ७५, २६.७ सेंटीमीटर. तुमचा ठसा २६.

सुमेधाताई

ठसा २६ वर! अंगावर काटा आला वाचताना.

मधमाशी

पण बादली हातात होती, हात पुढे असेल तर तिचं वजन पावलाच्या पुढे पडणार ना? मग अंतर अजून कमी धरायला हवं.

निवृत्त_अभियंता

@मधमाशी, चांगली शंका. उभा माणूस तोल सांभाळून असेल तर बादली पुढे गेली की अंग मागे जातं, आणि दोघांचं मिळून जे काही वजन आहे ते पावलाखालूनच फळीला मिळतं. फळीला हात दिसत नाही, पाऊल दिसतं. मात्र मागचा पाय अजून उचलला नसेल तर वजन दोन पावलांत विभागलेलं असतं आणि मग ठशाचा मध्य ही काही बरोबर जागा नाही.

चिंचोका

मग पाय आपटण्याचं काय झालं? बादलीने २६.७ जुळतंय म्हटल्यावर सुमेधाताईंचे २० टक्के कुठे गेले? दोन्ही धरलं तर ७५ चे ९० होतात आणि फळी २२ वरच पलटायला हवी होती.

सुमेधाताई

किंवा बादली रविवारी ८-९ किलोच असेल आणि बाकीचं पाय टाकण्यातून आलं असेल. ओसरी, रविवारी बादली किती भरलेली होती?

ओसरी

अर्धीच्या वर होती एवढं सांगू शकतो. आता तर सगळी कपाटावर आहे, मोजणार कशी.

निवृत्त_अभियंता

मग एका ठशावरून हे वेगळं काढता येणार नाही. मला अजूनही वाटतं क्षणिक जोराने फळी पलटत नाही, फार तर ठक् करते. पण सुमेधाताईंचं म्हणणं खोडण्याइतकं माझ्याकडे काही नाही.

रंधा

ठक् आवाज मी ऐकलाय बऱ्याचदा. आणि एकदा ठक् झाल्यावर फळी दोन बोटं बाजूला सरकून टेकली होती, ते मला जास्त धोक्याचं वाटतं. असो. ओसरीभाऊ, आता करणार काय? कपाट हलत नसेल तर?

ओसरी

कपाट हलतंय, रिकामं केलं तर. पुढची घोडी टोकाकडे नेतो. किती पुढे नेऊ?

निवृत्त_अभियंता

टोकावर उभं राहिलं तरी पलटू नये असं हवं असेल तर अधांतरी भाग, तुमच्या ६० किलोला, ५० सेंटीमीटरच्या आत हवा. कारण तेव्हा घोडी गुरुत्वमध्यापासून दीड मीटरवर जाते, २० गुणिले १.५ म्हणजे ३०, आणि ६० गुणिले अर्धा पण ३०. बादली हातात घेणार असाल तर ४२ च्या आत. पण हे काठावरचे आकडे आहेत. मी २० च्या पुढे जाणार नाही, पाय आपटण्याचा वाद तिथे आपोआप मिटतो. आणि बादली वाचवते म्हणून मागे ठेवू नका, ती दर फटक्याला हलकी होत जाते.

एक मात्र, घोड्या लांब नेल्या की मधली लचक वाढेल. ३ मीटरची ३.८ झाली तर मधे लचक दुप्पट होते. तिथे मधमाशींचा पहिला प्रतिसाद लागू पडतो, गाठी बघून घ्या.

मधमाशी

बघा!

ओसरी

गाठ आहे एक, मधल्या भागातच, सुपारीएवढी. फळी उलटी करून गाठ वरच्या अंगाला घेतली. अधांतरी भाग आता १८ सेंटीमीटर. उभा राहिलो, भाच्याला मागचं टोक उचलायला सांगितलं, एका हाताने हललं नाही, दोन्ही हात लावावे लागले. मधे गेल्यावर मात्र भरपूर लचकते, हिशोब माहीत असूनही घाबरायला होतं.

चिंचोका

मागच्या घोडीचं गणित मी पट्टी आणि दोन पेन्सिलींवर करून बघतोय. मागची पेन्सिल कुठेही नेली तरी खोडरबर त्याच जागी पट्टी पाडतोय. पाच वेळा झालं.